टाकी भरत होती, आकडा थांबला होता

लंडनच्या उत्तरेला हेमेल हेम्पस्टेड नावाचं गाव आहे. त्याच्या कडेला बन्सफील्ड इथे पेट्रोल, डिझेल आणि विमानांच्या इंधनाचा मोठा डेपो होता. आपल्याकडे मनमाडजवळ पानेवाडीला आहेत तसाच, पाइपलाइनने माल घेणारा आणि टँकरने पुढे पाठवणारा. १० डिसेंबर २००५च्या संध्याकाळी सातच्या सुमारास तिथल्या ९१२ क्रमांकाच्या टाकीत पेट्रोल सोडायला सुरुवात झाली. वेग तासाला सुमारे ५५० घनमीटर, म्हणजे साडेपाच लाख लिटर. टाकीत मावत होतं साधारण साठ लाख लिटर. पहाटे ३ वाजून ५ मिनिटांनी कंट्रोल रूमच्या पडद्यावरचा पातळीचा आकडा टाकी दोन तृतीयांश भरलेली असताना थांबला. पेट्रोल यायचं थांबलं नव्हतं.

५ वाजून ३७ मिनिटांच्या आसपास टाकी भरून वाहू लागली. थंड, वारा पडलेल्या त्या पहाटे पेट्रोलच्या वाफेचा पांढरा ढग जमिनीलगत पसरत गेला. ६ वाजून १ मिनिटाने त्याचा स्फोट झाला. तोवर अडीच लाख लिटरहून जास्त पेट्रोल बाहेर पडलेलं होतं. वीसहून अधिक टाक्या पेटल्या आणि आग कित्येक दिवस धुमसत राहिली. रविवारची पहाट असल्यामुळे शेजारच्या कचेऱ्या रिकाम्या होत्या, म्हणून जखमींचा आकडा ४३वर थांबला आणि कुणाचा जीव गेला नाही.

या टाकीला पातळी वाढल्यावर वाजणारे तीन अ‍ॅलार्म होते. त्यांच्यावर चौथा एक स्वतंत्र स्विच होता, तो अ‍ॅलार्म वाजवून येणारी पाइपलाइन आपोआप बंद करणार होता. चारही व्यवस्था कागदावर होत्या आणि त्या रात्री चारपैकी एकही चालली नाही. असं का झालं हे समजून घ्यायचं तर कारखान्यांत रोज तोंडी असलेले तीन शब्द नीट वेगळे करावे लागतात: अ‍ॅलार्म, इंटरलॉक आणि ट्रिप. आणि हे तिन्ही ज्या एका तक्त्यावर लिहिलेले असतात तो तक्ता वाचावा लागतो. त्याला कॉज अँड इफेक्ट मॅट्रिक्स म्हणतात. प्लांटमध्ये कुणी एवढं लांब नाव घेत नाही, नुसतं 'कॉज अँड इफेक्ट काढ' म्हणतात.

अ‍ॅलार्मपासून सुरू करू. अ‍ॅलार्म स्वतः काहीच करत नाही. तो माणसाला सांगतो की अमुक झालंय, आता तू काहीतरी कर. म्हणून अ‍ॅलार्म ठरवताना त्याच्याबरोबर दोन गोष्टी ठरलेल्या असल्याच पाहिजेत. ऑपरेटरने नेमकं काय करायचं, आणि ते करायला त्याच्या हातात किती वेळ आहे. यातलं काहीच सांगता येत नसेल तर तो अ‍ॅलार्म नव्हे, ती पडद्यावरची नुसती माहिती आहे आणि तिने आवाज करू नये.

वेळेचा हिशोब कसा असतो ते ९१२च्याच मापांवर पाहता येतं. टाकीचा व्यास २५ मीटर होता. म्हणजे तळाचं क्षेत्रफळ ४९० चौरस मीटर. तासाला ५५० घनमीटर येत असेल तर पातळी मिनिटाला जेमतेम दोन सेंटिमीटर चढते. आता समजा, अ‍ॅलार्म ऐकून पडदा पाहायला, पाइपलाइन पाठवणाऱ्याला फोन करायला आणि माल दुसऱ्या टाकीत वळवायला ऑपरेटरला पंधरा मिनिटं लागतात. तर अ‍ॅलार्मची रेघ धोक्याच्या रेघेच्या निदान तीस सेंटिमीटर खाली हवी. हा हिशोब करून रेघ आखली, की काम झालं असं वाटतं. पण बन्सफील्डला शेवटच्या काही मिनिटांत टाकीत येणारा माल तासाला ८९० घनमीटरच्या घरात गेला होता. त्या वेगाने पातळी मिनिटाला तीन सेंटिमीटर चढते आणि त्याच तीस सेंटिमीटरमध्ये आता फक्त दहा मिनिटं उरतात. ऑपरेटरला लागणारी पंधरा मिनिटं मात्र तेवढीच राहतात. अ‍ॅलार्मची रेघ नेहमी जास्तीत जास्त संभाव्य वेगावर आखायची असते, आज चालू असलेल्या वेगावर नाही. हे सांगायला सोपं आहे आणि प्रत्यक्षात सतत विसरलं जातं, कारण टाकी एकदा बांधली जाते आणि पाइपलाइनचा वेग मात्र वर्षागणिक वाढवला जातो.

अ‍ॅलार्मची दुसरी मर्यादा माणसाच्या कानाची आणि डोळ्याची. वेल्समधल्या मिलफर्ड हेवनच्या रिफायनरीत २४ जुलै १९९४ रोजी स्फोट झाला. त्याच्या आधीच्या शेवटच्या अकरा मिनिटांत तिथल्या दोन ऑपरेटरांपुढे २७५ अ‍ॅलार्म आले होते. म्हणजे दर अडीच सेकंदाला एक. अशा वेळी माणूस अ‍ॅलार्म वाचत नाही, आवाज बंद करण्यासाठी फक्त अ‍ॅक्नॉलेजचं बटण दाबत राहतो. त्यात दोष माणसाचा नाही. दोष आहे ज्याने प्रत्येक गोष्टीला अ‍ॅलार्म लावला त्याचा.

इंटरलॉक हा वेगळा प्राणी आहे. तो माणसाला काही विचारत नाही. एक अट पूर्ण होत नसेल तर तो दुसरी क्रिया होऊच देत नाही. इमारतीतली लिफ्ट घ्या. दार नीट लागलेलं नसेल तर बटण कितीही दाबा, लिफ्ट हलत नाही. दार लावलं की निघते. कुणाची परवानगी लागत नाही, मेकॅनिक बोलवावा लागत नाही. हा इंटरलॉक. त्याच लिफ्टला आणखी एक यंत्रणा असते. लिफ्ट ठरलेल्या वेगापेक्षा जोरात खाली यायला लागली तर जबडे दोन्ही बाजूंच्या रुळांना घट्ट पकडतात आणि लिफ्ट जागच्या जागी अडकते. ती मग आपोआप सुटत नाही. मेकॅनिक येतो, काय झालं ते तपासतो आणि मगच ती सोडवतो. ही ट्रिप.

फरक इथेच आहे. इंटरलॉक चूक होण्याआधी आडवा येतो, आणि अट पूर्ण झाली की बाजूला होतो. तो रोजच्या कामाचा भाग आहे, दिवसातून दहा वेळा लागला तरी कुणी दचकत नाही. ट्रिप मात्र गोष्टी हाताबाहेर गेल्यावर येते. ती प्लांटला, किंवा त्याच्या एका भागाला, ठरवलेल्या सुरक्षित अवस्थेत नेऊन ठेवते आणि तिथेच धरून ठेवते. पातळी पुन्हा खाली गेली म्हणून झडप आपोआप उघडत नाही. जबाबदार माणसाने कारण शोधायचं आणि रीसेट करायचं, असा नियम असतो. रीसेट केल्यावरसुद्धा पंप स्वतःहून सुरू होता कामा नये. रीसेट म्हणजे फक्त सुरू करायची मुभा.

ट्रिपची बांधणीही वेगळी असते. तिला तीन अवयव लागतात: धोका ओळखणारा सेन्सर, निर्णय घेणारं लॉजिक आणि कृती करणारी झडप किंवा पंपाचा स्विच. हे तिन्ही रोजच्या कंट्रोल यंत्रणेपासून शक्य तितके वेगळे असावेत, कारण रोजची यंत्रणा बिघडली तेव्हाच बहुधा ट्रिपची गरज पडते. शिवाय ट्रिपची झडप अशी बसवतात की वीज गेली किंवा हवेची नळी तुटली तर स्प्रिंगच्या जोराने ती आपोआप बंद व्हावी. उघडं राहायला तिला सतत सिग्नल लागतो. सिग्नल गेला की ती सुरक्षित बाजूला पडते.

आता तक्ता. समजा, एका टाकीचा आहे. डावीकडे खाली खाली कारणं लिहायची, वर आडवे परिणाम, आणि जिथे कारणाची ओळ परिणामाच्या रकान्याला छेदते तिथे खूण करायची.

```
                ALARM   P-704   XV-705
LT-701 H          A
LT-701 HH         A
XV-706 CLOSED                     I
LSHH-702          A       T       T
HS-703            A       T       T
```

LT-701 हे टाकीची पातळी सतत मोजणारं गेज. त्याच्या दोन रेघा आहेत, वरची आणि त्याहून वरची, आणि दोन्ही फक्त अ‍ॅलार्म देतात. LSHH-702 हा टाकीच्या अगदी वरच्या टोकाला बसवलेला स्वतंत्र स्विच. HS-703 हे आणीबाणीचं लाल बटण. वरच्या बाजूला P-704 हा पाइपलाइनच्या दुसऱ्या टोकाचा पंप आणि XV-705 ही टाकीच्या तोंडाची झडप. XV-706 शेजारच्या टाकीची झडप. A म्हणजे अ‍ॅलार्म, I म्हणजे इंटरलॉक, T म्हणजे ट्रिप. पुष्कळ कारखान्यांत या तिन्हींसाठी एकच फुली मारतात. मला ती पद्धत अजिबात पटत नाही, कारण मग तक्ता वाचणाऱ्याला ही फुली माणसाला हाक मारते की स्वतः झडप बंद करते हे कळायला दुसरी फाइल उघडावी लागते.

मधली I ची ओळ जरा थांबून पाहण्यासारखी आहे. पाइपलाइनमधून माल येत असताना एका टाकीची झडप बंद केली आणि दुसरी उघडलेलीच नसेल, तर वाहणाऱ्या मालाला अचानक भिंत लागते आणि पाइपमध्ये दाबाची मोठी लाट उठते. म्हणून इंटरलॉक सांगतो: शेजारची XV-706 बंद असेल तर XV-705 बंद करता येणार नाही. रोजच्या कामासाठी हे अगदी बरोबर आहे. पण त्याच रकान्यात खाली दोन T आहेत. टाकी ओसंडायला आली तर XV-705 बंद झालीच पाहिजे, शेजारची झडप उघडी असो वा नसो. म्हणजे एकाच झडपेला दोन उलट हुकूम. अशा वेळी ट्रिप जिंकते, इंटरलॉकने बाजूला व्हायचं. हे तक्त्याच्या टिपेत स्पष्ट लिहावं लागतं आणि लॉजिक लिहिणाऱ्याने तसंच उतरवावं लागतं. ते राहिलं तर काय होईल? स्विच चालेल, लॉजिक हुकूम देईल आणि सोयीसाठी घातलेला इंटरलॉक झडपेला उघडी धरून ठेवेल. मजकूर वाचून ही गाठ सापडणं कठीण. उभा रकाना वरून खाली वाचला की ती लगेच दिसते. पाइपमधल्या लाटेचं उत्तरही त्याच ओळीत आहे: ट्रिप झडपेबरोबर दुसऱ्या टोकाचा पंपही थांबवते.

म्हणून हा तक्ता दोन्ही दिशांनी वाचायचा. आडवा वाचला की एक कारण घडल्यावर काय काय होणार ते कळतं. उभा वाचला की ही झडप कोणकोणत्या कारणांनी हलू शकते ते कळतं. रिकामी चौकटसुद्धा काहीतरी सांगत असते: या कारणाने हा परिणाम होता कामा नये. प्लांट सुरू करण्यापूर्वी प्रत्येक कारण खोटं खोटं घडवून पाहतात. खुणा असलेले परिणाम झाले का हे बघतातच, पण खूण नसलेले परिणाम झाले नाहीत ना, हेही तपासावं लागतं. घाईत हा दुसरा भाग राहून जातो.

आता बन्सफील्डच्या चार व्यवस्था अशाच एका तक्त्यावर मांडा. पहिल्या तीन ओळी तीन अ‍ॅलार्मच्या: ऑपरेटरने स्वतः लावायची पातळी, वरची पातळी, सर्वांत वरची पातळी. चौथी ओळ स्वतंत्र स्विचची, अ‍ॅलार्म आणि ट्रिप दोन्ही देणारी. चार ओळी पाहून चार थर आहेत असं वाटतं. पण प्रत्येक ओळीपुढे सेन्सरचं नाव लिहिलं तर पहिल्या तिन्ही ओळींपुढे एकच नाव येतं. तिन्ही अ‍ॅलार्म एकाच गेजच्या आकड्यावर बेतलेले होते. गेज दोन तृतीयांशावर अडकलं, मग यंत्रणेच्या दृष्टीने पातळी कुठल्याच रेघेला पोहोचली नाही. तीन थर एका झटक्यात गेले आणि गेल्याचं कुणाला कळलंही नाही, कारण अडकलेलं गेज बिघाडाचा सिग्नल देत नाही. त्याचा आकडा व्यवस्थित, वाचता येणारा, फक्त जुना असतो.

हे गेज त्या रात्री पहिल्यांदा अडकलं असंही नाही. ऑगस्ट २००५च्या अखेरीपासून स्फोटापर्यंत ते १४ वेळा अडकलेलं होतं. दर वेळी ते तात्पुरतं सोडवलं गेलं. त्यात डेपोच्या टाक्यांसाठी एकच पडदा होता, एका वेळी एकाच टाकीचं चित्र पूर्ण दिसायचं, आणि त्या रात्री ९१२ची खिडकी इतर टाक्यांच्या खिडक्यांमागे दडलेली होती.

अडकलेलं गेज ओळखायचा मार्ग अवघड नाही. टाकीत माल येतोय हे पाइपलाइनच्या मीटरला माहीत असतं. पातळी वाढत नाही हे गेजला माहीत असतं. दोन्ही एकदम खरं असू शकत नाही. तक्त्यात एक ओळ वाढवायची: माल येतोय आणि ठरलेल्या मिनिटांत पातळी हलली नाही, तर अ‍ॅलार्म. मिनिटाला दोन सेंटिमीटर चढणारी पातळी दहा मिनिटं जागची हलत नसेल तर काहीतरी नक्की चुकतंय. बन्सफील्डला आकडा थांबल्यापासून टाकी ओसंडेपर्यंत अडीच तास होते. अशा एका ओळीने त्यातले दोन तासांहून जास्त हातात दिले असते. कॉज अँड इफेक्ट तयार करताना आपण बहुतेक वेळा टाकी भरली, दाब वाढला, तापमान चढलं एवढीच कारणं लिहितो. ते ओळखणारं उपकरण खोटं बोलत असेल तर, हे कारण म्हणून लिहायचं सुचत नाही. मला या तक्त्याची सर्वांत मोठी उणीव तीच वाटते.

राहिली चौथी ओळ. स्वतंत्र स्विच खरोखर स्वतंत्र होता, त्याचा सेन्सर वेगळा होता. तो २००४ साली बसवला होता. त्याला तपासणीसाठी एक छोटा दांडा होता. तो उचलून स्विच चालतो का ते पाहायचं. दांडा कामाच्या जागेवर धरून ठेवायला एक कुलूप लावणं आवश्यक होतं. कुलूप नसेल तर दांडा चुकीच्या जागी राहू शकत होता आणि स्विच निकामी होत होता. बसवणाऱ्यांना आणि वापरणाऱ्यांना ते कुलूप कुणी छेडछाड करू नये म्हणून दिलंय असं वाटलं. ते लावलं गेलं नाही. उत्पादकाने ही गोष्ट पुरेशी स्पष्ट सांगितली नव्हती. तक्त्यावर मात्र त्या ओळीत T तसाच उभा होता.

म्हणून ट्रिपची तपासणी खरी व्हायला हवी. टाकीची पातळी प्रत्यक्ष वाढवता येत नसेल तर सेन्सरपाशीच तशी परिस्थिती निर्माण करायची, झडप खरंच बंद झाली का आणि किती सेकंदांत, ते डोळ्यांनी पाहायचं. आणि तपासणी संपल्यावर सगळं पूर्ववत कामाच्या स्थितीत आलं की नाही हे दुसऱ्या माणसाने पाहून सही करायची. तपासणीत पास झालेली ट्रिप तपासणीमुळेच बंद पडून राहिल्याची उदाहरणं या क्षेत्रात थोडी नाहीत. बायपासचंही तसंच. दुरुस्तीसाठी ट्रिप तात्पुरती बायपास करावी लागते, यात गैर काही नाही. पण बायपास कुणी, कधी, किती वेळासाठी केली आणि तेवढ्या वेळात तिच्या जागी कोण लक्ष ठेवणार, हे शिफ्टच्या वहीत लिहिलेलं नसेल तर पुढच्या शिफ्टला ती ट्रिप आहे असंच वाटत राहतं.

या प्रकरणी २०१० साली ब्रिटनच्या न्यायालयाने पाच कंपन्यांना दंड केला. त्याआधीच, २००९च्या अखेरीस, तिथल्या नियामकांनी आणि उद्योगाने मिळून केलेल्या शिफारशी प्रसिद्ध झाल्या होत्या. पेट्रोलच्या अशा मोठ्या टाक्यांना गेजपासून वेगळी, माणसावर न विसंबणारी, आपोआप माल थांबवणारी यंत्रणा असावी आणि ती ठरावीक काळाने तपासली जावी, असं त्यांत म्हटलं होतं. म्हणजे अ‍ॅलार्मच्या जागी अ‍ॅलार्म राहू द्या, पण शेवटची ओळ ट्रिपचीच असली पाहिजे.

तुम्ही अशा कुठल्या डेपोत, रसायनांच्या कारखान्यात किंवा रिफायनरीत काम करत असाल तर तुमच्या विभागाचा कॉज अँड इफेक्ट एकदा मागून घ्या. पेन्सिल घेऊन प्रत्येक ओळीपुढे सेन्सरचा टॅग लिहा. एकच टॅग दोनदा आला तर त्या दोन ओळी एकच समजा. ज्या ओळीत T आहे तिच्यापुढे शेवटची खरी तपासणी कधी झाली त्याची तारीख लिहा. तारीख मिळाली नाही तर शिफ्ट इनचार्जला विचारा, आणि उत्तर मिळेपर्यंत विचारत राहा.